परदेशातून: क्लेमनंतरचं रिन्यूअल

«अप्पांच्या बायपासला कंपनीने चार लाख दिले. आता नोटीस आली आहे, हप्ता वाढलाय, बोनस कापलाय. पुढच्या वर्षी पॉलिसी बंदच करतील ना?» गुहागरहून चुलतभावाने विचारलं.

नाही करणार. अप्पांची पॉलिसी वैयक्तिक आहे. आधी मोठा क्लेम घेतला या कारणावरून वैयक्तिक आरोग्य विम्याचं नूतनीकरण नाकारता येत नाही. विमा रक्कम वाढवून मागितली नाही, तर नव्याने तपासण्याही करायला लावता येत नाहीत. वय कितीही झालं तरी हाच नियम लागू असतो.

मग हप्ता २८,००० चा ३३,६०० कसा झाला? भावाच्या शेजारच्या गुरुजींचं म्हणणं, क्लेमची वसुली सुरू झाली. गुरुजी अर्धेच बरोबर आहेत. एकट्या अप्पांच्या क्लेमकडे बघून त्यांचा हप्ता वाढवायला मनाई आहे, पण त्या योजनेतल्या सगळ्यांचा हप्ता कंपनी वाढवू शकते. शिवाय अप्पा यंदा ६१ च्या टप्प्यात गेले. खरं कारण ओळखायचं तर त्या योजनेचा हप्त्यांचा तक्ता मागवायचा आणि क्लेम न घेतलेल्या ६१ वर्षांच्या माणसाचा आकडा बघायचा. भावाने तो मागवला. आकडा तोच निघाला. क्लेम न घेतलेल्या वर्षांसाठी विमा रकमेत पडणारी भर, म्हणजे बोनस, दीड लाखाचा एक लाख झाला होता. ज्या वेगाने चढतो त्याच वेगाने तो क्लेमनंतर उतरतो, आणि पॉलिसीत तसं लिहिलेलंही असतं. मूळ पाच लाखांना धक्का लागलेला नाही.

ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी विमा नियामक आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. विमा कंपनीतून निवृत्त झालेले रत्नागिरीचे एक परिचित म्हणतात, वयाच्या टप्प्याने होणारी वाढ त्यात धरायची नाही. मला हे पटत नाही. पेन्शनवरच्या माणसाच्या खिशातून २० टक्के जास्तच जातात, कारण काहीही असो. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

मोठ्या क्लेमनंतरचा खरा धोका मात्र वेगळा आहे, आणि तो या परिचितांनीच मला समजावला. चार लाखांची फाईल आली की कंपनी जुने कागद चाळते. प्रस्तावाच्या अर्जात बीपीची गोळी लपवलेली सापडली, तर क्लेमचं नाव न घेता त्या लपवाछपवीच्या नावाखाली पॉलिसी रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर हे दार जवळजवळ बंद होतं, मग कंपनीला फसवणूक सिद्ध करावी लागते. अप्पांची पॉलिसी २०१६ ची आहे. पण तेव्हा ती तीन लाखांची होती, २०२३ मध्ये पाच लाखांची केली. वाढीव दोन लाखांचे ६० महिने तेव्हापासून वेगळे मोजले जातात. भाऊ घाबरला होता तो इथे, आणि ती भीती पोकळ नव्हती. नशिबाने वाढीव रकमेच्या अर्जात बीपी लिहिलेला होता.

दुबईत मी हे सांगत होतो तेव्हा खोलीतला दापोलीचा मित्र म्हणाला, «माझ्या गाडीचा बोनस तर एका क्लेमला गेला.» गाडीचा विमा वेगळा, हे त्याला समजावेपर्यंत जेवण थंड झालं. पण त्याच्यामुळेच एक गोष्ट मनात आली. इथे आमचा आरोग्य विमा मालकाचा असतो. नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला की तोही संपतो. आयुष्यभराच्या नूतनीकरणाचा हक्क त्यात नाहीच. गावी बँकेने किंवा पतसंस्थेने खातेदारांना दिलेल्या गट पॉलिसीचंही तसंच. करार बँक आणि कंपनीमध्ये असतो, तो पुढच्या वर्षी बदलू किंवा थांबू शकतो. तिथून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, पण कंपनी तेव्हा प्रकृती बघू शकते.

म्हणून माझं मत ठाम आहे. आखातात आलेल्या कोकणी माणसाने «कंपनीचा विमा आहे» म्हणून गावची वैयक्तिक पॉलिसी सोडू नये. मुदतीनंतर हप्ता भरायला मिळणारे ग्रेसचे ३० दिवसही उलटले की सलगता जाते. पन्नाशीनंतर मधुमेह घेऊन परतलेल्याला नवी पॉलिसी मिळालीच, तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

आणि आयआरडीएआयकडे माझी मागणी: नूतनीकरणाच्या नोटिशीवर वाढीचा हिशेब छापायला लावा. वयामुळे किती, योजनेच्या दरवाढीमुळे किती, हे दिसलं तर भावाला तक्ता मागवत बसावं लागणार नाही. तोवर ज्याला क्लेमचं कारण देऊन नकार येईल, त्याने ते लेखी मागावं आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहावं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना पुण्याचं कार्यालय आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. अप्पांच्या बाबतीत ती वेळ आली नाही. भावाने ३३,६०० भरले.