सुई कोणाची आहे, तेवढं सांगा

नागपुरात आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत कचरागाडीसोबत येणाऱ्या ताईंचा फोटो काल कुणीतरी टाकला. हसतमुख आहेत, वेळेवर येतात, नवतप्यातही खाडा करत नाहीत, असं सगळ्यांनी लिहिलं. ते खरंच आहे. मला मात्र त्यांचे आभार एका ठरावीक गोष्टीसाठी मानायचे आहेत, आणि त्यासाठी आधी माझी चूक सांगावी लागेल.

माझे बाबा दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. पेनाला लावायची सुई जेमतेम ४ मिलिमीटरची असते. वापरलेल्या सुया मी कॅरीबॅगमध्ये गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचो. दोन वर्षं टाकल्या. मे महिन्यात एका सकाळी ताईंनी आमची पिशवी उचलली आणि त्यातली सुई हातमोज्यातून थेट त्यांच्या अंगठ्यात गेली. रबरी हातमोजा घाणीपासून वाचवतो, सुईपासून नाही.

मी गॅलरीतून बघत होतो. त्या ओरडल्या नाहीत, अंगठा तोंडात घातला नाही, दाबून रक्तही काढलं नाही. खालच्या नळाशी जाऊन साबण मागितला आणि वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धूत राहिल्या. मग वर येऊन एवढंच विचारलं, "दादा, सुई कोणाची आहे, तेवढं सांगा. त्यायले काही बिमारी आहे का? डॉक्टर विचारते."

मी शिव्या खायची तयारी केली होती, त्या मात्र नेमका कामाचा प्रश्न विचारत होत्या. सुई टोचल्यावर सगळ्यात महत्त्वाचं हेच असतं की ती आधी कुणाच्या अंगात गेली होती. ते कळलं नाही तर डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागतं. एचआयव्हीची भीती सगळ्यांना वाटते, पण लस घेतलेली नसेल तर अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका त्याहून कितीतरी जास्त असतो. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच, तर जितकी लवकर तितकी बरी. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. म्हणून "उद्या बघू" म्हणायची सोय नसते.

बाबा म्हणाले, माझं रक्त तपासा. आम्ही तिघं तासाभरात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोहोचलो. बाबांचे रिपोर्ट चांगले आले, त्यामुळे ताईंना एचआयव्हीच्या २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागल्या नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. हिपॅटायटिस बीची लस त्यांनी कधीच घेतलेली नव्हती. तिचा पहिला डोस त्याच दिवशी घेतला, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी घ्यायचा होता. सुई कामावर असताना आणि आमच्या कचऱ्यातून टोचली, असं मी त्यांच्या सुपरवायझरला लिहून दिलं. नाहीतर त्या दिवसाची गैरहजेरी लागली असती.

ताईंनी विषय तिथेच सोडला असता तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघरी विचारू लागल्या, "इन्सुलिन कोण घेते जी?" आमच्या एका गल्लीत सात घरं निघाली. त्यातली निम्मी घरं माझ्यासारखंच करत होती.

प्रत्येक घरी त्यांनी एकच गोष्ट सांगितली. फिनाइलची किंवा कपडे धुवायच्या लिक्विडची जाड, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, ती गाडीत दबली की सुई आरपार येते. आतलं छोटं टोपण परत लावायला जाऊ नका, तिथेच आपल्याच बोटाला टोचतं. बाहेरचं मोठं टोपण लावून सुई फिरवून काढा आणि बाटलीत टाका. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर लाल मार्करने "सुया" लिहा. डब्यात टाकू नका, हातात द्या. त्यांनी गाडीला मागे एक वेगळी बादली टांगली आहे, ती याच बाटल्यांसाठी.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे त्या वेगळ्या द्यायच्या. मी शिकलेला माणूस, मला ते माहीत नव्हतं. पिशवी पुढे भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते आणि तिथेही कुणाचा तरी हात त्यात जातो, याचा विचारही मी केला नव्हता. ताईंनी केला होता. त्या म्हणाल्या, "मी तरी घर ओळखते दादा, तिकडच्या बाईनं कोणाले विचारावं?"

त्यांना देवमाणूस म्हणावंसं मला वाटत नाही. त्यांचं काम त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि जखम झालेल्या दिवशीही त्यांनी ते नीट केलं.

ताई, तुम्ही त्या सकाळी घरी येऊन विचारलंत आणि माझ्या बाबांशी आदराने बोललात, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. तुमचा तिसरा डोस नोव्हेंबरमध्ये आहे. तारीख मी लिहून ठेवली आहे, सकाळची गाडी झाली की आपण निघू.