मोत्यासारखे फोड सुईने फोडू नका

“मुलाच्या अंगावरचे मोत्यासारखे फोड सुईने फोडून आतला पांढरा दाणा काढा, नाहीतर अंगभर पसरतील.”

असं करू नका. मध्ये बारीक खळगा असलेला हा फोड म्हणजे मोलस्कम, विषाणूमुळे होणारा त्वचेचा संसर्ग. त्या पांढऱ्या दाण्यातच विषाणू ठासून भरलेला असतो. तो नखाला लागला की खाजवेल तिथे नवे फोड उठतात, शिवाय व्रण राहू शकतो. बहुतेक मुलांना उपचार लागत नाहीत. ६ ते १८ महिन्यांत फोड आपोआप जातात. जाण्याआधी ते अनेकदा लाल होऊन सुजतात, तेव्हा घाबरून पिळू नका. टॉवेल वेगळा ठेवा, नखं कापा, उघडे फोड पट्टीने झाका. शाळा बुडवायची गरज नाही. पापणीवर फोड, इसब, पू किंवा ताप असेल तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.