झोपलेल्या बाळाला उठवा (अमेरिकेतून भारतात आल्यावरचे पहिले आठ दिवस)

डिसेंबर आला की न्यू जर्सी, बॉस्टनकडची मंडळी पिल्लांना घेऊन पुण्या-मुंबईला यायला लागतात आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: बाळ दिवसभर झोपतं आणि रात्रभर खेळतं. त्यावर घरातला प्रत्येक जण रात्रीचे उपाय सुचवतो. कोणी अंगाई, कोणी झोळी, कोणी जायफळ. माझं स्पष्ट मत आहे की बाळाच्या जेट लॅगचा उपाय रात्री सापडत नाही, तो दिवसा करावा लागतो. आणि तो करताना आपल्याकडच्या एका पक्क्या समजुतीच्या विरोधात जावं लागतं, ती म्हणजे झोपलेल्या बाळाला उठवू नये. एरवी ती ठीकच आहे. या आठ दिवसांत मात्र उठवायचं.

का, ते एक उदाहरण घेऊन सांगते. आठ महिन्यांचं बाळ न्यू जर्सीत रात्री साडेसातला झोपतं, सकाळी साडेसहाला उठतं. दिवसा दोन झोपा, साडेनऊ ते अकरा आणि दुपारी दोन ते साडेतीन. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे असतो. म्हणजे बाळाच्या शरीराची रात्र पुण्यात सकाळी सहाला सुरू होते आणि संध्याकाळी पाचला संपते. त्याची सकाळची डुलकी येते रात्री आठ ते साडेनऊ, आणि दुपारची झोप रात्री साडेबारा ते दोन.

आता पहिल्या रात्री काय होतं बघा. आठ वाजता बाळ पेंगतं, सगळे खूश. साडेनऊला टक्क जागं! आजी म्हणते भूक लागली असेल, आई म्हणते जागा बदलली म्हणून. पण त्याची फक्त डुलकी झालेली असते. मग साडेबारापर्यंत खेळ, थोडी झोप, दोनपासून पुन्हा खेळ आणि पहाटे सहाला गाढ. घरातले सगळे रात्रभर जागलेले, त्यामुळे सकाळी कोणी त्याला हात लावत नाही. ते दुपारी तीन-चारपर्यंत झोपतं आणि घड्याळ होतं तिथेच राहतं. चूक होते ती इथे, सकाळी.

म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी आठला उठवायचं, रात्र कशीही गेली असली तरी. मग दहा ते साडेअकरा झोप, दीड ते तीन दुसरी झोप. साडेपाचला फार पेंगलं तर अर्धा तास, त्यापेक्षा जास्त नाही. सहानंतर रात्रीपर्यंत झोप नाही. रात्री साडेआठला निजवायचं. दिवसाची झोप सगळी मिळून साडेतीन तासांच्या आसपास राहते. त्याहून कमी करायच्या फंदात पडू नका, कारण अति थकलेलं बाळ चिडचिड करतं आणि झोपेसाठी आणखी भांडतं. चौथ्या दिवसापासून संध्याकाळची डुलकी आपोआप गळून पडते. वेळा पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाल्या तर बिघडत नाही.

उठवायचं कसं, हेही नीट समजून घ्या. या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण पन्नास मिनिटं ते तासाभराचं असतं. गाढ झोपेत हात उचलून सोडला तर तो लुळा खाली पडतो, चेहरा निश्चल असतो, श्वास एका लयीत. अशा वेळी उठवलं तर बाळ अर्धवट जागं होतं आणि वीस मिनिटं रडतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. पापण्यांखाली बुबुळं हलायला लागतात, बोटं किंचित झटकतात, ओठ चोखल्यासारखे हलतात. तेव्हा पडदे उघडा, पांघरूण काढा, डायपर बदला, कोमट ओल्या फडक्याने तळपाय पुसा आणि उचलून घरातल्या घरात फिरवा. तोंडावर गार पाणी मारायचं नाही.

दुसरी गोष्ट उजेड. शरीराचं घड्याळ सरकवणारं सगळ्यात जोरदार साधन तेच आहे. उजेड कोणत्या वेळी पडतो यावर घड्याळ पुढे जाणार की मागे हे ठरतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे नेतो, म्हणजे झोप लवकर यायला लागते, आणि त्याआधीचा मागे ओढतो. आपल्याला ते पुढे न्यायचं आहे. आपल्या उदाहरणातल्या बाळासाठी हा बिंदू पुण्यात दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान येतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस दुपारी तीन ते साडेपाच ही वेळ सोन्याची. या वेळात बाळाला अंधाऱ्या खोलीत झोपू देऊ नका, घराबाहेर काढा. सोसायटीच्या बागेत झाडाच्या सावलीत बसलं तरी पुरतं, कारण सावलीतलाही उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. थेट उन्हात बसवायची गरज नाही. सकाळी पहिला आठवडाभर घरातला साधा उजेड पुरे. सातव्या-आठव्या दिवसापासून मात्र उठल्याबरोबर टोपी घालून बाहेर, तोवर घड्याळ बरंच सरकलेलं असतं.

नातेवाइकांना बाळ बघायला दुपारच्या या वेळातच बोलवा. चार वाजता मावशी, काकू, चुलत भावंडं आली की बाळाला जागं ठेवायचं कामही होतं. तीच मंडळी रात्री आठला आली तर मोठे दिवे, गोंगाट, या हातातून त्या हातात, आणि साडेआठची झोप हुकली म्हणून समजा. हे फोनवर आधीच सांगायला संकोच करू नका.

मालिशवाल्या मावशींचंही तसंच. त्या सकाळी नऊ-दहाला येतात. तेल, मग गरम पाण्याची आंघोळ, मग बाळ तीन तास गाढ. त्याच्या शरीराची तेव्हा मध्यरात्र असते, त्यामुळे ही झोप आवरता आवरत नाही. पहिला आठवडा मावशींना संध्याकाळी साडेसहाला यायची विनंती करा. नाही जमलं तर मालिश सकाळी होऊ द्या, आंघोळ संध्याकाळी घाला. आंघोळीनंतर मंद उजेड, दूध, झोप, हा क्रम रोज तोच ठेवा. धुरी मात्र नकोच, बाळाच्या श्वासनलिकेला धूर सोसत नाही.

आता रात्र. दिवसाची झोप आवरली तरी पहिल्या दोन-तीन रात्री बाळ एकच्या सुमारास उठणार, हे गृहीत धरा. खोली अंधारीच ठेवा, लागलंच तर भिंतीकडे तोंड केलेला छोटा पिवळा दिवा. हॉलमध्ये नेऊ नका, मोबाइल दाखवू नका, आजोबांना उठवू नका. थोपटून अर्ध्या तासात झोपलं नाही तर त्याच खोलीत जमिनीवर सतरंजी घालून एक-दोन खेळणी द्या आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. तास-दीड तासाने डोळे चोळायला लागलं की पुन्हा निजवा. अंधारात तासभर जबरदस्तीने कुशीत दाबून ठेवलं की बाळ आणि आई दोघंही रडकुंडीला येतात, हाती काही लागत नाही.

भूक हा वेगळा प्रश्न आहे आणि तो खरा असतो. त्याच्या पोटाची जेवणाची वेळ मध्यरात्री येते. पहिल्या दोन रात्री मागेल तेव्हा दूध द्या. पुढे बाटलीचं दूध असेल तर रात्रीचं दर रात्री ३० मिलिलिटरने कमी करा, म्हणजे १२० वरून ९०, मग ६०, आणि तेवढंच दिवसा वाढवा. पावडरचं दूध असेल तर पाणी आणि पावडर दोन्ही त्याच प्रमाणात कमी करायचं, डब्यावर लिहिलेलं मिश्रण पातळ कधीच करायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईचं दूधही अजून अमेरिकेच्या वेळेवरच दाटून येत असतं. तिने दिवसा दर अडीच-तीन तासांनी पाजलं की तेही चार-पाच दिवसांत सरकतं.

दोन गोष्टींबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. पहिली म्हणजे औषधं. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप, मेलाटोनिन, बाळगुटीत जास्त उगाळलेलं जायफळ, यातलं काही नको. अशा सिरपमध्ये असणारं प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, त्याने श्वास मंदावून जीव गेल्याच्या घटना आहेत. जायफळ किती उगाळलं गेलं हे कोणाच्याच हातात नसतं आणि जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

दुसरी, झोपायची जागा. चोवीस तास न झोपलेले आईवडील बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर बसतात आणि त्यांचाच डोळा लागतो. ही सगळ्यात धोक्याची वेळ. बाळ कुशनच्या फटीत घसरलं तर त्याचा श्वास कोंडतो. रात्रीच्या पाळ्या लावा. दहा ते दोन एक, दोन ते सहा दुसरा, आणि पेंग येतेय असं वाटलं की बाळाला लगेच त्याच्या जागी ठेवा. ती जागा सपाट आणि घट्ट हवी, बाळ पाठीवर, वर मच्छरदाणी. माहेरची मऊ कापसाची गादी, गोधड्या, मोहरीची उशी हे सगळं प्रेमाने काढलेलं असतं, तरी झोपताना ते बाजूला ठेवायचं. थंडीसाठी अंगात एक थर जास्त घाला.

सुधारणा होतेय की नाही हे एकूण किती तास झोपलं यावरून कळत नाही. रात्रीचा सलग सगळ्यात मोठा टप्पा किती झाला आणि मधली जाग किती वाजता आली, एवढं लिहून ठेवा. टप्पा रोज वाढत असेल आणि जाग आखडत असेल तर गाडी रुळावर आहे. घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, त्यामुळे साडेदहा तासांना आठवडा ते दहा दिवस लागतात, चौथ्या-पाचव्या रात्रीपासून फरक जाणवतो. पाचव्या दिवशीही जाग तितक्याच वेळची आणि तितकीच लांब असेल तर बहुतेक वेळा दुपारची झोप दोन तासांवर गेलेली असते, किंवा गाडीतून कुठे जाताना संध्याकाळी सात वाजता डोळा लागलेला असतो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं फारसं लागू नाही. त्याचं घड्याळच अजून बसलेलं नसतं, ते पोटाच्या हिशोबाने उठतं-झोपतं. रात्री अंधार आणि दिवसा उजेड एवढं पुरे.

आणि सगळंच जेट लॅगच्या खाती घालू नका. ताप, कान ओढत रडणं, आडवं केलं की जास्त रडणं, सारखी उलटी, सहा-आठ तास डायपर कोरडा, किंवा उठवूनही सुस्त, दूधसुद्धा ओढत नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सर्दी असताना विमानप्रवास झालेला असेल तर कान आठवणीने तपासून घ्या.