सहाव्या आठवड्याची तारीख

"डॉक्टर, बाळाला सर्दी आहे, लस पुढच्या महिन्यात घेतली तर चालेल ना?" हा प्रश्न मला ओपीडीत सतत येतो. माझं उत्तर बहुतेक वेळा "नाही, आजच घ्या" असं असतं. त्यावर आई बिचकते, आजी माझ्याकडे संशयाने बघते आणि बाबा मोबाइल काढून काहीतरी शोधायला लागतात. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहून टाकावं. लस घ्यावी की नको हा वाद इथे नाही, त्यावर पुष्कळ लोक लिहितात. मला बोलायचंय ते लस घेणाऱ्या, पण तारीख पुढे ढकलणाऱ्या घरांशी. तेही मुख्यतः दोनच लशींबद्दल: हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूविरुद्धची, आणि न्यूमोकोकल, म्हणजे पीसीव्ही.

या दोन्ही लशी ज्या जंतूंविरुद्ध आहेत ते आपल्याच नाकाघशात राहतात. घरातला चार वर्षांचा दादा अगदी ठणठणीत असतो, पण त्याच्या नाकात न्यूमोकोकस मजेत नांदत असतो. तो बाळाची पापी घेतो, जंतू बाळाच्या नाकात जातो. बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. कधीकधी मात्र तो खाली फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो, किंवा रक्तात शिरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो आणि मेनिंजायटिस होतो. हिबचा प्रवासही साधारण असाच. मेनिंजायटिसमधून मूल वाचलं तरी ऐकू न येणं, फिट्स, वाढीत मागे पडणं, यांपैकी काहीतरी मागे राहण्याची भीती असते.

या जंतूंची खरी ताकद त्यांच्या अंगावरच्या साखरेच्या वेष्टणात आहे. आपल्या रक्तातल्या पेशी जंतूंना पकडून गिळतात, पण हे वेष्टण असलं की जंतू त्यांच्या हातून निसटतो. वेष्टणाला चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, रक्तात असतील तरच तो पकडीत येतो. मोठ्या माणसांचं शरीर ती बनवू शकतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला जवळजवळ दादच देत नाही.

मग जन्मल्यावर बाळ वाचतं कसं? आईची प्रतिपिंडं वारेतून त्याला आधीच मिळालेली असतात. पण ती उसनी असतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी साधारण निम्मी होत जातात. तीन-चार महिन्यांपर्यंत आईचं देणं बरंच आटतं. बाळाची स्वतःची क्षमता दोन वर्षांच्या आसपास येते. मधला हा काळ उघडा पडतो आणि हे आजार सगळ्यात जास्त नेमके याच काळात दिसतात. आपल्याकडे हिबचा मेनिंजायटिस प्रामुख्याने वर्षाच्या आतल्या बाळांचा आजार होता.

१९८५ मध्ये अमेरिकेत हिबची पहिली लस आली. ती नुसत्या साखरेची होती. दोन वर्षांच्या मुलांना ती द्यायचे, पण ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती त्या तान्ह्या बाळांना तिचा उपयोग नव्हता. तोडगा निघाला तो असा की ही साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक रीतीने जोडायची. बाळाची प्रतिकारयंत्रणा प्रथिन ओळखते, मदतीच्या पेशी कामाला लागतात आणि त्यांच्या जोरावर शरीर साखरेविरुद्धही प्रतिपिंडं बनवायला शिकतं, शिवाय ते लक्षातही ठेवतं. यालाच कॉन्जुगेट लस म्हणतात. १९९० पासून ती तिथे दोन महिन्यांच्या बाळांना मिळू लागली. त्याआधी अमेरिकेत दरवर्षी पाच वर्षांखालच्या साधारण वीस हजार मुलांना हिबचा गंभीर आजार होत असे. पुढे हा आकडा ९९ टक्क्यांनी घटला.

म्हणजे ही लस मुद्दाम त्या उघड्या काळासाठी घडवलेली आहे. ती आठव्या महिन्यात नेऊन घेतली तर तो काळ सुरू होऊन चार-पाच महिने उलटलेले असतात. एवढंच मला आजींना सांगायचं असतं, पण ओपीडीत मागे रांग असते.

आता कार्ड उघडू. समजा बाळ ३ जूनला जन्मलं. सहा आठवडे म्हणजे १५ जुलै. त्या दिवशी डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्हीचा पहिला डोस, दंडावर त्वचेत पोलिओचं छोटं इंजेक्शन आणि तोंडात पोलिओ व रोटाचे थेंब. पेंटा म्हणजे एका सुईत पाच आजार: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब कावीळ आणि हिब. १२ ऑगस्टला, म्हणजे दहाव्या आठवड्यात, पेंटाचा दुसरा डोस, पण पीसीव्ही नाही. हे पाहून "सिस्टर विसरल्या वाटतं" म्हणणारे पालक मला नेहमी भेटतात. सिस्टर विसरलेल्या नसतात. सरकारी वेळापत्रकात पीसीव्हीच्या पहिल्या दोन डोसांत आठ आठवड्यांचं अंतर असतं. ९ सप्टेंबरला, चौदाव्या आठवड्यात, पेंटाचा तिसरा आणि पीसीव्हीचा दुसरा. मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर, ३ मार्चला, पीसीव्हीचा बूस्टर. त्याच दिवशी गोवर-रुबेलाची लस असते आणि लोकांच्या डोक्यात तीच पक्की बसलेली असते. "गोवराचं झालं" म्हणून मंडळी घरी निघतात. उजव्या मांडीत पीसीव्ही झालं का, हे तिथेच कार्डावर बघून घ्या. लहानपणी दिलेल्या दोन डोसांचं काम हा तिसरा पक्कं करतो.

खाजगीत पीसीव्ही सहसा सहा, दहा, चौदा आठवड्यांना आणि मग वर्षानंतर बूस्टर असं देतात. दोन्ही पद्धती चालतात. एकदा सरकारीत आणि एकदा खाजगीत असं करत असाल तर कार्ड मात्र दोन्हीकडे दाखवा.

आता तेच बाळ गावी गेलं, मग सर्दी झाली, मग "सण झाल्यावर बघू" झालं आणि पहिला पेंटा ३ ऑक्टोबरला मिळाला असं धरू. पुढचे दोन डोस किमान चार-चार आठवड्यांनी. अगदी वेळेवर आलं तरी तिसरा पेंटा नोव्हेंबरच्या शेवटी, म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होताना. आईची प्रतिपिंडं ओसरत असताना सप्टेंबर पूर्ण लशीविना आणि पुढचे दोन महिने अर्धवट संरक्षणावर गेले. कार्डावर तीनही रकाने भरलेले दिसतात, सगळे खूश. पण त्या मधल्या महिन्यांचा हिशेब कार्डावर कुठेच दिसत नाही.

साधी सर्दी, खोकला, किंचित अंग गरम, जुलाब, अँटिबायोटिक चालू असणं, दात येणं, यांपैकी कशासाठीही लस थांबवायची नसते. बाळाला दाखल करावं लागेल इतकं आजारपण असेल तर थांबायचं आणि बरं वाटलं की लगेच द्यायची. आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी किंवा फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. कमी दिवसांच्या बाळांचं वय या लशींसाठी जन्मतारखेपासूनच मोजतात. "आठव्या महिन्यात झालंय, जरा वजन वाढू दे" म्हणून थांबलेली बाळं पाहिली की मला खरंच राग येतो, कारण आईकडून प्रतिपिंडं कमी मिळालेली तीच असतात.

ताप येतो, हे खरं. पण पेंटाच्या तापाला मुख्यतः त्यातला डांग्या खोकल्याचा भाग कारणीभूत असतो, हिबचा नव्हे. दोन दिवसांत तो उतरतो. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, तो सिस्टरकडून लिहून घ्या.

"आमच्या ओळखीत कुणालाच असलं काही झालं नाही" हेही नेहमी ऐकते. झालेलं असतं, पण जंतूचं नाव कळलेलं नसतं. न्यूमोनिया कोणत्या जंतूने झाला हे बाळांमध्ये क्वचितच सिद्ध होतं. मेनिंजायटिसमध्ये पाठीतलं पाणी तपासावं लागतं. त्याला घरचे घाबरतात, आणि तोवर बाहेर कुठेतरी अँटिबायोटिकचे दोन-चार डोस झालेले असतात, त्यामुळे कल्चरमध्ये काही उगवत नाही. फाईलवर "मेंदूज्वर" एवढंच उरतं.

लशीचा परिणाम दिसतो तो मोजणी करणाऱ्या ठिकाणी. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात १९९७ मध्ये हिबची लस सुरू झाली. आधी तिथे वर्षाला दर लाख तान्ह्या बाळांमागे दोनशेहून जास्त हिब मेनिंजायटिस व्हायचे. २००२ पर्यंत ते शून्यावर आले, तेही पुरवठा अनियमित असताना, कारण मुलांच्या नाकातूनच जंतू हद्दपार होत गेला. मग आपण उशीर केला तर काय बिघडलं, असं कुणी चलाखपणे विचारेल. बिघडतं असं की शेजारच्या मुलांनी वेळेवर घेतलेल्या लशीवर आपलं बाळ राहतं, आणि शेजारीही हाच विचार करत असेल तर कुणीच सुरक्षित नाही.

पीसीव्हीची तिथलीच चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्क्यांनी कमी झाला आणि एकूण बालमृत्यू १६ टक्क्यांनी. या आकड्यात लशीची मर्यादाही आहे. सगळा न्यूमोनिया ती थांबवत नाही, कारण बराचसा विषाणूंमुळे होतो. शिवाय न्यूमोकोकसचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत आणि पुण्यात सीरमने बनवलेल्या न्यूमोसिल या पीसीव्हीमध्ये त्यांतले दहा आहेत, गंभीर आजार जास्त करणारे निवडून घेतलेले. ही लस डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आली. देशात पीसीव्ही २०१७ मध्ये हिमाचल आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही भागांत सुरू झालं होतं, आणि २०२१ पासून ते सगळीकडे मोफत आहे. त्याआधी खाजगीत एका डोसाला हजारो रुपये मोजलेले पालक मला आठवतात. आता उपकेंद्रात फुकट मिळतंय तर "फुकटातलं कसं असेल" ही शंका. काय बोलावं!

हिबचा बूस्टर सरकारी कार्डात नाही, खाजगीत दीड वर्षाच्या आसपास देतात. ब्रिटनने बाळांना तीन डोस देऊन बूस्टर ठेवला नव्हता, तिथे १९९९ नंतर हिबचे रुग्ण पुन्हा वाढले आणि शेवटी बूस्टर आणावा लागला. तिथल्या वाढीला इतर कारणंही होती. परवडत असेल तर जरूर घ्या, पण पहिले तीन उशिरा आणि बूस्टर मात्र महागातला, हा उलटा कारभार नको.

सगळ्या लशी झाल्या तरी बाळ आजारी पडू शकतं. श्वास जलद वाटला तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर डॉक्टरकडे जायचं. दूध न ओढणं, फिट, डोक्यावरची टाळू फुगणं, झोपेतून नीट न उठणं असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी दवाखाना गाठायचा. तान्ह्या बाळात मान कडक होण्याची वाट बघू नका, ते लक्षण या वयात अनेकदा नसतंच.

आणि ज्यांचा डोस आधीच चुकलाय त्यांच्यासाठी: पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस देऊन पुढे जायचं असतं. सरकारी केंद्रात पेंटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस वर्षाच्या आत व्हायला हवा. कार्ड घेऊन या आठवड्याच्या लसीकरण सत्राला जा. सत्र कोणत्या वारी आहे ते आशाताईंना विचारा.