डिझेलचा प्रायोजक

गॅदरिंगच्या प्रायोजकांचा तक्ता माझ्या हातात कोंबून मोठ्या सरांनी मला जळगावच्या सराफ बाजारात पिटाळलं. मी तासिका तत्त्वावरचा माणूस. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही सरकारच्या सवडीने. पैसे मागत फिरलेल्या तासाचे कोणी देत नाही. पण "तरुण आहात, जाऊन या" म्हटल्यावर जायचं असतं. नाही गेलं तर पुढच्या वर्षी आपले तास दुसऱ्याच तरुणाला मिळतात.

तक्ता सरांनी स्वतः केलेला, रंगीत. प्लॅटिनमचे ५१,००० म्हणजे मंडप आणि स्टेज, गोल्डचे २५,००० म्हणजे साउंड आणि लाइट, सिल्व्हरचे ११,००० म्हणजे ट्रॉफ्या आणि प्रमाणपत्रं, ब्रॉन्झचे ५,००० म्हणजे कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता.

पेढीवरच्या शेटजींनी चष्मा लावला. "सर, प्लॅटिनम सोन्याच्या वर कोणी बसवलं? भाव बघितला का? सोनं कुठे, ते कुठे!" एवढं बोलून ते तक्ता काउंटरवर ठेवून गिऱ्हाइकाकडे वळले. मी आपला स्टुलावर.

शेजारी एक आबा बसले होते. अमळनेरकडचे, नातवाचे वाळे करायला आलेले. आपला काही संबंध नाही हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्यांनी तक्ता उचलला, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "मास्तर, हाई पाच हजारमा त्याले काय भेटस?"

मी उत्साहाने सांगितलं. आठ बाय चारचा फ्लेक्स, शाल-श्रीफळ देऊन सत्कार, स्मृतिचिन्ह, नाश्त्याची पाच कुपनं. आबांनी शेटजींचं पेन मागून घेतलं. फ्लेक्स बत्तीस चौरस फूट, पंधराच्या दराने ४८०. स्मृतिचिन्ह ३५०. शाल-श्रीफळ ३००. कुपनं साठ रुपयांची, म्हणजे ३००. बेरीज १,४३०.

"म्हंजे त्याना पैसामा त्यानाच सत्कार!" आबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की मंगळसूत्र बघणाऱ्या दोन बायका वळल्या.

उरले ३,५७०. आणि नाश्ता? शंभर पोरं, दोन दिवस, माणशी पंचवीस, म्हणजे पुरे पाच हजार. तक्त्यात ब्रॉन्झसमोर नाश्ता लिहिला होता, पण सत्काराचा खर्च कोणाच्याच समोर लिहिलेला नव्हता. एका ब्रॉन्झवाल्यामागे १,४३० रुपयांचा खड्डा. जितके प्रायोजक आणाल तितके सत्कार वाढणार. हे मला तक्ता हातात पडला तेव्हाच दिसलं होतं. पण मोठ्या सरांच्या रंगीत तक्त्यावर बेरीज करून दाखवायची हिंमत तासिकेवाल्यात नसते.

"आनि डिझेल कोठे शे?"

डिझेल कुठेच नव्हतं. जनरेटरचं भाडं आणि दोन दिवसांचं डिझेल मिळून अठरा हजार. हे तक्त्याबाहेर, मूळ अंदाजपत्रकात, 'इतर' नावाच्या ओळीत, मंडपातल्या झाडझुडीच्या शेजारी पडलं होतं. लाइट गेली की गोल्डवाल्याचा साउंड आणि प्लॅटिनमवाल्याचं स्टेज, दोन्ही याच ओळीवर चालणार. पण 'इतर'वर नाव कोण घालणार?

मग आबांनी गावच्या हरिनाम सप्ताहाचा हिशेब सांगायला घेतला. त्यात मध्येच त्यांचा चुलतभाऊ, त्याची विहीर आणि केळीचा पडलेला भाव येऊन गेला. सार एवढंच: "पंगत समदा लेतस, डिझेल कोनी लेस नही." म्हणून त्यांच्याकडे पंगत घेणाऱ्याकडून पंगतीचा खर्च तर घेतातच, वर हजार रुपये मंडप-लाइटसाठी आधी ठेवून घेतात. नाव पंगतीचंच लागतं. म्हणजे ब्रॉन्झचे पैसे पाच नव्हे, साडेसात हजार तरी हवेत: नाश्ता पाच, सत्कार दीड, डिझेलला हजार. वाणिज्य शाखेतल्या कोणालाही सुचावं असं हे. आमच्याकडे वाणिज्य शाखा आहे.

"तुले कितला भेटतस याना?" आबांनी शेवटी विचारलं. मी काही नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाळ्यांचे पैसे मलाच देतात की काय! पण त्यांनी अकराशे काढून काउंटरवर ठेवले. "डिझेलले. नाव टाकशी का? जनरेटरवर."

शेटजींनी लाजेखातर ब्रॉन्झ घेतलं आणि फ्लेक्स दहा बाय सहाचा मागितला.

मोठ्या सरांनी पाच हजारांची पावती फाडली, अकराशे मोजून ठेवले आणि म्हणाले, "डिझेलला प्रायोजक? शोभतं का कॉलेजला? शुभेच्छुक म्हणून खाली टाका." माझे साडेसात हजार त्यांनी ऐकलेच नाहीत. मोठा फ्लेक्स मात्र मंजूर केला. साठ चौरस फूट, ९०० रुपये.

आबांचा फोन येत असतो. जनरेटरवरचं नाव मराठीत लिहिलंय की इंग्रजीत, एवढंच त्यांना हवं असतं. नंबर मोठ्या सरांचा द्यावा, असं ठरवलंय.