कायदा, कवायत आणि अरबी अनेकवचन

“अरबीतल्या मोडक्या अनेकवचनांना नियमच नाही. प्रत्येक शब्द घोकावा लागतो, आणि मराठी माणसाला तर त्यात कशाचाच आधार नाही.”

मोडकं अनेकवचन म्हणजे शेवटी प्रत्यय न लागता शब्दाच्या आतले स्वर बदलून होणारं. या तक्रारीतल्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. कायदा आणि कवायत, तारीख आणि तवारीख या जोड्या आपण रोज वापरतो. दोन्हींतला दुसरा शब्द पहिल्याचं अरबी अनेकवचन आहे. अमीरचं ‘उमरा’ तर आपल्याकडे ‘उमराव’ होऊन एकवचनातच नांदतं. म्हणजे आधार आहे, फक्त आपण तो ओळखत नाही.

आता नियम. शब्दाच्या शेवटचा स्त्रीलिंगी ‘आ’ काढा आणि व्यंजनं मोजा. चार भरली, तर त्यांच्यामध्ये अ, आ, इ हे स्वर याच क्रमाने बसवा. मक्तब (कचेरी) म्हणजे म-क-त-ब, त्याचं मकातिब. मद्रसाचं मदारिस, दिरहमचं दराहिम. एकवचनात शेवटच्या व्यंजनाआधीचा स्वर दीर्घ असेल, तर इची ई होते: मिफ्ताह (किल्ली) – मफातीह, सुंदूक (आपली संदूक) – सनादीक, सुलतान – सलातीन. ‘काइदा’त तीनच व्यंजनं दिसतात, पण पहिल्या अक्षरानंतरचा ‘आ’ इथे ‘व’ होतो. म्हणून कवाइद, आणि त्यावरून आपली कवायत.

हा साचा माणसांसाठीच्या शब्दांवर मात्र डोळे झाकून लावू नका. मुदर्रिसचं (शिक्षक) शेवटी ‘ऊन’ लागून साधं मुदर्रिसून होतं, तर तालिबचं (विद्यार्थी) तुल्लाब.

घोकण्याबद्दलची तक्रार तीन व्यंजनांच्या शब्दांपुरती खरी आहे. कल्ब (कुत्रा) आणि कल्ब (हृदय) आपल्या लिपीत सारखेच दिसतात. अरबीत दुसऱ्याचा ‘क’ घशातून निघतो, पण घडण एकच. तरी कुत्र्यांना किलाब म्हणतात आणि हृदयांना कुलूब. घडणीवरून हे ओळखता येत नाही. मधलं व्यंजन पाहिलं तर थोडा अंदाज बांधता येतो. साच्यांच्या नावांत फ-अ-ल ही अक्षरं शब्दाच्या तीन व्यंजनांच्या जागा दाखवतात. तिथे ‘व’ असेल तर बहुधा अफआल साचा लागतो (लौन – अलवान, म्हणजे रंग), ‘य’ असेल तर फुऊल (बैत – बुयूत, म्हणजे घरं). ‘बहुधा’ हा शब्द विसरू नका.

मग पाठांतर कसं करायचं? साच्यांची यादी आधी घोकणं मला उफराटं वाटतं. मी प्रत्येक साच्याचा एकच म्होरक्या ठरवतो: फुऊलचा ‘बुयूत’, अफआलचा ‘अलवान’. नवा शब्द भेटला की एकवचन-अनेकवचन एका दमात म्हणून म्होरक्याच्या मागे उभा करतो: “सैफ, सुयूफ – बैत, बुयूत.” शिवाय चिठ्ठीवर शब्द एकटा लिहीत नाही, विशेषणासकट लिहितो: बुयूत जदीदा, नवी घरं. निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला अरबीत स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लागतं, त्यामुळे तेही त्याच चिठ्ठीत तोंडी बसतं.

चाचणी उलटी घ्यावी. चिठ्ठीवर ‘सुयूफ’ वाचून सैफ आठवायचा, कारण वाचताना समोर येतं ते अनेकवचन, आणि जुन्या पद्धतीच्या शब्दकोशात ते मूळ व्यंजनांखाली, स-य-फमध्ये शोधावं लागतं.