मार्जिन कुठून आणणार?

शाळेत असताना निबंधात माझा एकदा दुसरा नंबर आला होता. नातेवाईक असल्या गोष्टी विसरत नाहीत. भाच्याने पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना काढायचं ठरवलं, त्याचा बेचाळीस पानी इंग्रजी आराखडा तयार केला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. "मामा, तुमचं मराठी चांगलं आहे. भागीदार अण्णा आणि बँकेच्या मॅडम, दोघांनाही कळेल असं करून द्या. दोन दिवसांचं काम आहे."

तीन आठवडे लागले.

पहिल्या दिवशी मी मशिनरीची किंमत चार लाख लिहून मोकळा झालो. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात "आकडे मिलियनमध्ये" असं होतं, ते मी पाहिलंच नाही. चार मिलियन म्हणजे चाळीस लाख. चार लाखांत चाळीस लाखांचं मशीन मिळवून देणारा मामा कुणाला नको असतो? पण भाच्याचा चेहरा पाहून मी सगळे तक्ते लाखांत बदलले आणि स्वल्पविरामही हलवले. इंग्रजी प्रतीत ते दर तीन अंकांनी बसले होते, आपल्याकडे पहिल्या तिनांनंतर दोन-दोनांनी बसतात. हे काम हमालीचं. खरी गंमत शब्दांत होती.

माझ्या पहिल्या मसुद्यात "संवेदनशीलता विश्लेषण" असं एक प्रकरण होतं. अण्णांनी विचारलं, "यात कुणाच्या भावना दुखावल्या?" मूळ मुद्दा एवढाच होता की खोक्याचा भाव पडला किंवा कागद महागला तर नफ्याचं काय होईल. मी शीर्षक बदलून "भाव पडला तर?" केलं. अण्णा खूश. मग आलं ब्रेक-ईव्हन. ते मी मोठ्या अभिमानाने "ना नफा ना तोटा बिंदू" असं लिहिलं होतं. अण्णांनी कागद खाली ठेवला. "ना नफा ना तोटा तत्त्वावर चालवायचा असेल तर देणगीची पावतीपुस्तकं छापू. बँकेत कशाला जायचं?" शेवटी लिहिलं: "वर्षाला सव्वाचार लाख खोकी विकली की सगळा खर्च भरून निघतो, त्यापुढच्या प्रत्येक खोक्यावर नफा." आकडा तोच राहिला आणि अण्णांच्या डोक्यात कायमचा बसला. आता ते कुणालाही भेटले की आधी सव्वाचार लाख म्हणतात, मग नमस्कार.

पण आम्हाला खरं बुडवायला निघाला होता तो एक साधा, घरचा वाटणारा शब्द: मार्जिन.

भाच्याच्या आराखड्यात लिहिलं होतं, ग्रॉस मार्जिन २० टक्के. मी लिहिलं, "प्रत्येक खोक्यावर २० टक्के नफा." वाक्य सुटसुटीत आणि अण्णांना पटणारं. अण्णा कॅल्क्युलेटरला हात न लावता म्हणाले, "खोकं १६ रुपयांना पडतं. वीस टक्के म्हणजे ३ रुपये २० पैसे. १९ रुपये २० पैशांना विकायचं. ठीक आहे." भाचा म्हणाला, "नाही, २० रुपयांना." अण्णा म्हणाले, "मग पंचवीस टक्के झाले की!" दोघेही बरोबर होते. २० रुपयांना विकलं तर नफा दोघांच्याही हिशेबात ४ रुपये, पण भाचा ते विक्रीच्या किमतीवर मोजत होता आणि अण्णा, साऱ्या हयातीत मोजत आले तसे, खोकं पडतं त्या किमतीवर. मी मात्र कशावरचे टक्के ते लिहिलंच नव्हतं, आणि चूक तिथेच होती.

ऐंशी पैशांचा फरक. यासाठी बैठक बोलवायची म्हणजे जरा जास्तच, असं मला वाटलं. मग भाच्याने गुणाकार केला. वर्षाला सहा लाख खोकी, म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये. मूळ हिशेब असा होता: विक्री १२० लाख, माल ९६ लाखांचा, ढोबळ नफा २४ लाख. त्यातून पगार, भाडं, वाहतूक असे १० लाख गेले की १४ लाख उरतात. त्यातले ३ लाख व्याजाचे, ४ लाख घसारा आणि साधारण २ लाख कर. निव्वळ नफा ५ लाख.

इथे अण्णांनी पुन्हा थांबवलं. "घसाऱ्याचे ४ लाख कुणाला द्यायचे?" कुणालाच नाही. मशीन झिजतं म्हणून ते कागदावर वजा होतात, गल्ल्यातून एक रुपयाही जात नाही. म्हणूनच कर्ज फेडायची ताकद मोजताना बँक निव्वळ नफ्यात घसारा परत मिळवते, व्याजही मिळवते, आणि येणाऱ्या बेरजेला वर्षाच्या हप्ता-व्याजाने भागते. आमचे ५ अधिक ४ अधिक ३, म्हणजे १२ लाख. फेडायचे ६ लाख मुद्दल आणि ३ लाख व्याज, म्हणजे ९. भागाकार १.३३. माझ्या सुटसुटीत वाक्याप्रमाणे खोकी १९ रुपये २० पैशांना विकली असती, तर कर कमी होऊनही वरची बेरीज साडेआठ लाखांवर आली असती. हप्त्यालाही पन्नास हजार कमी. एकाच्या खालचा आकडा म्हणजे हप्ता धंद्यातून निघणार नाही, घरातून आणावा लागणार.

या भागाकाराला मी "ऋण सेवा आच्छादन गुणोत्तर" असं नाव दिलं होतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "म्हणजे डीएससीआर का?" मी मान खाली घालून हो म्हणालो. आता तिथे लिहिलंय: "हप्ता आणि व्याज फेडायला दर रुपयामागे १ रुपया ३३ पैसे हातात असतील (डीएससीआर १.३३)." वाक्य अण्णांसाठी, कंस मॅडमसाठी.

हे सगळं निस्तरून आम्ही तिघे बँकेत गेलो. मॅडमनी पानं चाळली, पेन खाली ठेवलं आणि अण्णांना विचारलं, "मार्जिन कुठून आणणार?"

अण्णा ताठ बसले. गेले तीन आठवडे ते याच प्रश्नाची तयारी करत होते. ठणकावून म्हणाले, "विक्रीतून!"

मॅडमचा चेहरा असा झाला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. बँकेत मार्जिन म्हणजे तुमच्या खिशातला हिस्सा. चाळीस लाखांच्या मशीनला बँक तीस लाख देणार, उरलेले दहा लाख आधी तुम्ही दाखवायचे. ज्या मशीनमधून पहिलं खोकं निघायचंय, त्याच खोक्याच्या विक्रीतून ते मशीन घ्यायचं, असं अण्णांनी बँकेला नुकतंच सांगितलं होतं. भाचा घाईघाईने म्हणाला, "अण्णांची मुदतठेव आहे, मॅडम." अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की भागीदारी तिथेच संपते की काय असं वाटलं. ती ठेव आहे हे खरं होतं, पण ती मोडायची आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं.

घरी येऊन मी मराठी प्रतीतून मार्जिन हा शब्दच हद्दपार केला. एके ठिकाणी "विक्रीच्या किमतीवर २० टक्के ढोबळ नफा (खोकं पडतं त्या किमतीवर २५ टक्के)", दुसरीकडे "भागीदारांनी स्वतः आणायचा हिस्सा: मशिनरीच्या किमतीच्या २५ टक्के, १० लाख". टक्के दिसले की कशाचे, हे त्याच ओळीत. पानं बेचाळिसाची अठ्ठेचाळीस झाली. अण्णांनी शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली. ठेवीच्या पानावर जरा वेळ लावला, एवढंच.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. प्रकरण चांगलं आहे, मराठी प्रत फार स्पष्ट आहे, पण मंजुरी वरच्या कार्यालयातून येते आणि तिथे इंग्रजी लागतं. जुनी इंग्रजी प्रत नको, त्यात गोंधळ आहे. या मराठीवरूनच नवी करून द्या.

भाचा लगेच म्हणाला, "मामा, दोन दिवसांचं काम आहे."

मी कागद पुढे ओढला. पहिलीच ओळ, "विक्रीच्या किमतीवर २० टक्के ढोबळ नफा." पेन उचललं, ग्रॉस लिहिलं, आणि पुढच्या शब्दापाशी येऊन बसलो आहे.